बरे करतो म्हणू नका, कधी असता ते सांगा

तालुक्याच्या गावात एखाद्या रुग्णालयाने नवा विभाग सुरू केला की एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो आणि त्याच दिवशी तोच मजकूर गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरू लागतो. वर रुग्णालयाचे नाव, मधे हाताची घडी घालून उभे असलेले डॉक्टर, त्यांच्या खांद्यावरून जाणारी भली मोठी ओळ, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध'. कधी उपलब्ध, किती वाजता, रोज की महिन्यातून एकदा, हे मात्र फोन करून विचारायचे.

या मजकुराला आता सगळेच कॅप्शन म्हणतात. तो लिहितो कोण? कधी रुग्णालयाचा मॅनेजर, कधी डिझाइन करणारा मुलगा, कधी डॉक्टरांचा लिहिण्याची हौस असलेला नातेवाईक. यातल्या कुणाचाही फसवण्याचा हेतू नसतो. पण शंभरात नव्वद कॅप्शनांमध्ये एकच उलटसुलट प्रकार घडतो, असे माझे मत आहे. आजार बरा होणे रुग्णालयाच्या हातात नसते, तरी त्याचे वचन मोठ्या अक्षरांत दिले जाते. डॉक्टर किती वाजता खुर्चीत बसतील हे रुग्णालयाच्या हातात असते, पण ते मोघम ठेवले जाते.

एक उदाहरण घेऊन हा मजकूर ओळीओळीने तपासू. रुग्णालय काल्पनिक आहे, पण अशी रुग्णालये महाराष्ट्रात गावोगावी आहेत. चाळीस खाटा, एक आयसीयू, रात्री ड्युटीवर एक डॉक्टर. आता तिथे अपस्माराचे, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठीचे, क्लिनिक सुरू होणार आहे. मेंदूविकारतज्ज्ञ गावात राहत नाहीत. ते कोल्हापूरहून महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येणार आहेत. मॅनेजरने लिहून आणलेला मजकूर असा :

'आता फिट्सला कायमचा रामराम! जिल्ह्यातील पहिले व एकमेव अत्याधुनिक एपिलेप्सी सेंटर आपल्या सेवेत. सुप्रसिद्ध न्यूरोतज्ज्ञ. हजारो रुग्ण यशस्वीरीत्या बरे. १०० टक्के खात्रीशीर उपचार. २४ तास सेवा. आजच संपर्क साधा.'

पहिलीच ओळ घ्या. अपस्मारावर औषधे आहेत आणि ती पुष्कळांना लागू पडतात, हे खरे आहे. ग्लासगोमधल्या एका रुग्णालयाने ५२५ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. २००० साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास न्यूरॉलॉजीत आजही आधाराला घेतला जातो. त्यात ६३ टक्के रुग्णांच्या फिट औषधांनी थांबल्या. म्हणजे शंभरातल्या सदतीस जणांच्या नीट थांबल्या नाहीत. ज्यांच्या थांबल्या त्यांनाही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही, तर गोळ्या कमी करायच्या का याचा डॉक्टर विचार करतात, आणि मग त्या हळूहळू कमी केल्या जातात. काहींना त्या पुढेही घ्याव्याच लागतात.

आता 'कायमचा रामराम' वाचून आलेल्या माणसाचा विचार करा. चार महिने फिट आली नाही की त्याला वाटते, रामराम झाला. तो गोळ्या सोडतो. अपस्माराच्या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे असते. फिट परत येतात, आणि कधी एकामागून एक येत राहतात, मधे शुद्धच येत नाही. ही तातडीने रुग्णालयात न्यायची अवस्था आहे. डॉक्टर आत केबिनमध्ये बसून प्रत्येकाला बजावतात की स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आणि बाहेरचा फ्लेक्स त्याच्या नेमके उलट सुचवत असतो. ती ओळ खोटी आहे हा एक दोष झाला. तिच्यामुळे उपचारातली मुख्य सूचनाच पुसली जाते, हा त्याहून मोठा.

मग मॅनेजर विचारतो, 'कायमचा' काढून '६३ टक्के रुग्णांना गुण' असे लिहू का? आकडा तर खरा आहे. तरीही नको. तो आकडा ग्लासगोच्या त्या रुग्णांचा आहे. आपले क्लिनिक अजून उघडायचे आहे, तिथे एकही रुग्ण तपासलेला नाही. शिवाय समूहाचा आकडा वाचणारा माणूस तो स्वतःला लावून घेतो. आपण त्रेसष्टातले की सदतीसातले, हे त्याला कॅप्शन सांगू शकत नाही. फिट कुठल्या प्रकारची, मेंदूत जुनी जखम किंवा गाठ आहे का, आधी किती औषधे होऊन गेली, हे पाहिल्यावरच डॉक्टर त्याविषयी काही बोलू शकतात. 'हजारो रुग्ण बरे' ही ओळही याच कारणाने गळते. ते रुग्ण डॉक्टरांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या रुग्णालयात पाहिलेले असणार, आणि 'बरे' म्हणजे काय हे कुणी मोजलेले नसणार.

वचन ओळखायची एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यातले काम कोण करणार, ते पाहायचे. 'तपासणी केली जाते', 'ईईजी काढला जातो', 'चालू औषधांचा आढावा घेतला जातो' ही कामे रुग्णालयातली माणसे करतात. ती करू असे सांगायला हरकत नाही. 'फिट थांबतात', 'आयुष्य पूर्ववत होते', 'चिंता मिटते' ही कामे रुग्णाच्या शरीराने करायची आहेत. त्याच्या वतीने रुग्णालयाने बोलू नये. या कसोटीवर '१०० टक्के खात्रीशीर' तर लगेच उघडे पडतेच, पण 'नवी आशा', 'आता काळजी नको' अशी सोज्वळ वाक्येही पडतात. माझ्या मते ती जास्त फसवी. कारण 'खात्रीशीर' लिहिताना लिहिणाऱ्याचा हात थोडा तरी अडखळतो, 'नवी आशा' लिहिताना तो मुळीच थांबत नाही.

कायद्याचे म्हणणे फार वेगळे नाही. डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्याच्या २३ तारखेला ते स्थगित झाले. त्यामुळे २००२ चेच नियम चालतात. त्यांनुसार रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात अनैतिक ठरते. मात्र काही गोष्टी जाहीर करायला स्पष्ट मोकळीक आहे : व्यवसाय सुरू केला, व्यवसायाचे स्वरूप बदलले, पत्ता बदलला, काही काळ कामावर नाही, पुन्हा रुजू झालो, आणि शुल्क किती. डॉक्टर चालवत असलेल्या रुग्णालयाला वर्तमानपत्रात जाहिरात देता येते, पण त्यात संस्थेचे नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण घेतले जातात, सोयी काय आहेत आणि शुल्क किती, याहून अधिक काही नसावे.

ही यादी एकदा सावकाश वाचून पाहा. चांगल्या कॅप्शनला जे जे लागते ते सगळे तिच्यात आहे. डॉक्टर येणार नाहीत हे कळवण्याचीही तरतूद आहे, आणि तिचा उपयोग सर्वात कमी केला जातो.

हे नियम डॉक्टरांना बांधतात, कारण परिषदेकडे नोंदणी डॉक्टरांची असते. रुग्णालय चालवणारी कंपनी म्हणेल, आम्ही कुठे डॉक्टर आहोत? तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुढे येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची त्याची व्याख्या रुंद आहे. खोटी हमी तिच्यात येते, तशीच महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. दंड दहा लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर पन्नास लाखांपर्यंत. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा कायदा तर औषधांच्या जाहिरातींसाठी आजारांची यादीच देतो, आणि तिच्यात मधुमेह, कर्करोग यांच्याबरोबर अपस्मारही आहे. औषध विकणारा 'फिटवर रामबाण' म्हणू लागला तर तो या कायद्यात सापडतो.

यातली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती माहिती दडवण्याची बाब. डॉक्टर महिन्यातून दोनच दिवस येतात हे न सांगता 'एपिलेप्सी सेंटर, तज्ज्ञ डॉक्टर उपलब्ध' असे लिहिले, तर त्यातला एकही शब्द खोटा नसतो. पण मंगळवारी सकाळी चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या बाईला, मुलाला काखोटीला मारून, दाराशी कळते की साहेब शनिवारी येतात. तिचा रोजगार बुडतो, भाड्याचे पैसे जातात, आणि कधीकधी घरात शिल्लक असलेली शेवटची गोळी त्याच दिवशी संपलेली असते.

म्हणून वेळेच्या ओळीकडे वळू. ती दोन शब्दांत उरकायची गोष्ट नाही. 'दुसरा व चौथा शनिवार' हे ऐकायला सोपे वाटते, पण कॅलेंडर समोर घ्या. जानेवारी २०२६ मध्ये पाच शनिवार आहेत. दुसरा १० तारखेला, चौथा २४ तारखेला. पुढचा दुसरा शनिवार थेट १४ फेब्रुवारीला येतो. मधे तीन आठवडे जातात. दर पंधरवड्याला क्लिनिक असते अशा समजुतीने कुणी पंधरा दिवसांच्या गोळ्या घेतल्या, तर आठवडाभर तो गोळ्यांविना राहील. मे महिन्यातही तेच : २३ मे नंतर १३ जून. म्हणून कॅप्शनमध्ये वाराबरोबर तारखा छापायच्या, निदान तीन महिन्यांच्या. एसटीच्या वेळापत्रकात 'अधूनमधून गाडी आहे' असे कुणी लिहीत नाही.

तारखेनंतर येतात तास. 'सकाळी १० ते दुपारी २' म्हणजे नेमके काय? दोनला डॉक्टर निघतात, की दोनपर्यंत नंबर लावता येतो? कोल्हापूरला परत जायची गाडी दोनला असेल तर पावणेदोनला आलेल्या माणसाला कुणी पाहणार नाही. यासाठी मॅनेजरने डॉक्टरांबरोबर बसून एक छोटे गणित करायला हवे. अपस्माराच्या नव्या रुग्णाला वेळ लागतो. फिट कशी सुरू होते, डोळे कुठे फिरतात, हात एकच हलतो की दोन्ही, किती वेळ चालते, जीभ चावली जाते का, झोपेत येते का, हे पाहणाऱ्याकडून नीट काढून घ्यावे लागते. त्याला अर्धा तास धरा. जुन्या रुग्णाला दहा मिनिटे. चार तासांचे दोनशे चाळीस मिनिटे होतात. चार नवे रुग्ण घेतले की एकशे वीस मिनिटे गेली, उरलेल्या एकशे वीसमध्ये बारा जुने बसतात. एकूण सोळा. सतरावा माणूस आला तर कुणाची तरी वेळ कापली जाणार. मग कॅप्शनमध्ये लिहायचे : नव्या रुग्णांसाठी चारच वेळा, आधी फोन करून नोंदणी आवश्यक.

इथे मॅनेजर हमखास कुरकुरतो. 'चारच' लिहिले तर लोक येणार नाहीत, म्हणतो. पण पाचव्या माणसाने फोन केला तर त्याला पुढच्या तारखेचा नंबर मिळतो, आणि तो न सांगता आला तर दुपारी दोनला रिसेप्शनसमोर भांडण होते. यातले कोणते परवडते, ते त्याने ठरवावे.

'२४ तास सेवा' या दोन शब्दांचेही असेच वाटून घ्यावे लागते. रुग्णालय चोवीस तास उघडे असते, हे खरे. मेंदूविकारतज्ज्ञ चोवीस तास नसतात, हेही खरे. अपस्मार क्लिनिकच्या कॅप्शनमध्ये नुसते '२४ तास' आले की वाचणाऱ्याच्या मनात तज्ज्ञच रात्री दोनला उभे राहतात. म्हणून तातडीचा विभाग चोवीस तास, तिथे ड्युटीवरील डॉक्टर असतात, आणि तज्ज्ञ फक्त क्लिनिकच्या दिवशी, असे वेगळे वेगळे लिहिले पाहिजे.

यालाच लागून एक ओळ मी आग्रहाने घालायला लावीन. क्लिनिकची तारीख वाचली की लोक तिची वाट पाहतात. बहुतेक फिट एकदोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि तोपर्यंत माणसाला कुशीवर वळवून ठेवणे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करणे, तोंडात काही न घालणे एवढेच करायचे असते. कांदा आणि चप्पल यांचा त्यात काही उपयोग नाही. पण फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, शुद्ध न येताच दुसरी आली, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर शनिवारची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा जवळच्या रुग्णालयात पोहोचायचे. जवळचे म्हणजे जवळचेच, आपलेच असे नाही. कॅप्शनमध्ये दुसऱ्या रुग्णालयाची वाट दाखवायला मालकांचा जीव होत नाही, ते मला समजते. तरी ती ओळ असायला हवी.

आणखी एक घोळ भेटीच्या वेळेचा. रुग्णालयात दोन प्रकारच्या भेटी असतात. डॉक्टरांना दाखवायची वेळ आणि दाखल रुग्णाला नातेवाइकांनी भेटायची वेळ. 'भेटीची वेळ ४ ते ६' असे एकाच ओळीत आले की निम्मे लोक केसपेपर घेऊन चारला येतात. दोन वेळा दोन ओळींत, स्वतंत्र शीर्षकाखाली द्याव्यात. अपस्माराच्या विभागात दुसऱ्या ओळीला एक पुस्ती जोडावी लागते. भेटायची वेळ संपली की बाकीचे जातात, पण फिट येणाऱ्या रुग्णाजवळ एक माणूस थांबलेला बरा. फिट आली तर नर्सला हाक मारायला आणि ती कशी आली ते सांगायला. आयसीयूमध्ये अर्थातच तसे चालत नाही. तिथल्या वेळा वेगळ्या आणि आत एकच जण.

डॉक्टरांच्या ओळीत 'सुप्रसिद्ध' हा शब्द सोडून बाकी सगळे हवे : नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि कुठल्या परिषदेकडची नोंदणी. न्यूरॉलॉजीत एमडीनंतरची डीएम किंवा त्या दर्जाची राष्ट्रीय मंडळाची पदवी असते. एमडी मेडिसिन झालेले डॉक्टर अपस्मारावर उपचार करतात, आणि गावात बहुतेक वेळा तेच करतात, त्यात गैर काही नाही. मात्र त्यांना न्यूरॉलॉजिस्ट म्हणून छापता येत नाही. विशेष पात्रता नसताना त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेणे नियमात बसत नाही. फोटोबद्दल सांगायचे तर लेटरहेडवर आणि दवाखान्याच्या फलकावर स्वतःचा फोटो छापणे २००२ च्या नियमांनी स्वतःची जाहिरात ठरवले आहे. शरीराची आकृती किंवा रेखाचित्र चालते. तेव्हा कॅप्शनबरोबर मेंदूचे साधे चित्र किंवा क्लिनिकचे प्रवेशद्वार दाखवावे. दार दाखवले तर निदान शोधायला सोपे पडते.

बऱ्या झालेल्या रुग्णाचा व्हिडिओ टाकू का, हा प्रश्न हल्ली नेहमी येतो. अपस्माराच्या बाबतीत तर तो अजिबात टाकू नये. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके लग्नाच्या आड येत होते. तो शब्द कायद्यातून गेला १९९९ साली. लोकांच्या मनातून तो इतक्या सहज जात नाही. मुलीला फिट येते हे अजूनही घराघरांत लपवले जाते. आज गुण आल्याच्या आनंदात होकार देणाऱ्या मुलीचा चेहरा आजाराच्या नावासह पुढची दहा वर्षे फिरत राहील. शिवाय एका रुग्णाचा व्हिडिओ म्हणजे शब्दांत न दिलेले वचनच असते. पाहणारा म्हणतो, हिची थांबली, माझीही थांबेल.

'जिल्ह्यातील पहिले व एकमेव' हे मी वाद न घालता खोडले. तपासायचे कुणी, आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात दुसरे उघडले की काय करायचे?

एवढे सगळे काढल्यावर कॅप्शन कोरडे होईल, अशी भीती असते. पण जागा रिकामी झाली की तिथे कामाच्या गोष्टी येतात. रुग्णाने येताना काय आणायचे, ही त्यातली सर्वात मोलाची. ज्याने फिट प्रत्यक्ष पाहिली त्याला बरोबर आणा, कारण रुग्णाला स्वतःला काही आठवत नाही. मोबाइलवर व्हिडिओ घेतला असेल तर तो दाखवा. त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणावरून डॉक्टरांना कधीकधी तपासणीपेक्षा जास्त कळते. चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे, जुने रिपोर्ट. ईईजीसाठी डोक्याला तेल न लावता, केस धुऊन या. आणि सकाळची गोळी चुकवू नका. रक्त तपासायला उपाशी जायची सवय असलेले लोक औषधही टाळून येतात, आणि नेमकी तिथेच रांगेत फिट येते. जे नाही तेही सांगावे. एमआरआय या रुग्णालयात होत नसेल तर तसे लिहिले की माणूस पैशांची आणि प्रवासाची तयारी करून येतो.

सगळे मिळून मजकूर असा झाला :

'फिट (आकडी, फेफरे) येणाऱ्या रुग्णांसाठी अपस्मार क्लिनिक : १० जानेवारी २०२६ पासून, दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, सकाळी १० ते दुपारी २.

तारखा : १० व २४ जानेवारी, १४ व २८ फेब्रुवारी, १४ व २८ मार्च. २४ जानेवारीनंतर तीन आठवड्यांचे अंतर आहे, गोळ्या त्या हिशेबाने घ्या.

डॉक्टर : डॉ. (नाव), एमबीबीएस, एमडी, डीएम (न्यूरॉलॉजी), महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणी क्र. (…). इतर दिवशी हे डॉक्टर या रुग्णालयात नसतात.

नव्या रुग्णांना आधी फोनवर नोंदणी आवश्यक, एका दिवशी चार. जुन्या रुग्णांची नोंदणी दुपारी १२ पर्यंत. शुल्क : नवीन (…) रु., फेरतपासणी (…) रु.

येथे तपासणी, ईईजी आणि चालू औषधांचा आढावा घेतला जातो. एमआरआयची सोय येथे नाही. उपचाराचा परिणाम प्रत्येक रुग्णात वेगळा असतो. डॉक्टर तपासणीनंतर त्याविषयी बोलतील.

येताना फिट पाहिलेली व्यक्ती, फिटचा व्हिडिओ असल्यास तो, गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट आणा. केस धुऊन, तेल न लावता या. रोजची गोळी घेऊनच या.

फिट ५ मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येता पुन्हा आली किंवा पहिल्यांदाच आली, तर क्लिनिकची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. आमचा तातडीचा विभाग २४ तास सुरू असतो, तेथे ड्युटीवरील डॉक्टर असतात.

दाखल रुग्णांना भेटण्याची वेळ : वॉर्ड दुपारी ४ ते ६, आयसीयू सायंकाळी ५ ते ५.३०, एका वेळी एकच जण.

डॉक्टर येणार नसल्यास नोंदणी केलेल्यांना आदल्या दिवशी फोन येईल. हे वेळापत्रक ३१ मार्च २०२६ पर्यंतचे आहे.'

पहिली ओळ मुद्दाम लांब ठेवली आहे. मोबाइलवर कॅप्शनच्या सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचे उघडून वाचावे लागते. न उघडणाऱ्याला निदान आजार, वार आणि वेळ कळली पाहिजे. रुग्णालयाचे नाव आणि पत्ता चित्रावर येतोच. चित्रावर तारखाही छापाव्यात, कारण पुढे पाठवताना लोक चित्र पाठवतात आणि खालचा मजकूर मागे राहतो. 'अपस्मार' बरोबर 'फिट' आणि 'आकडी' ठेवले आहे ते घरात हेच बोलले जाते म्हणून.

'उपचाराचा परिणाम प्रत्येक रुग्णात वेगळा असतो' ही ओळ मजकुराच्या मधोमध आहे. ती शेवटी, फुलीच्या खुणेने, बारीक अक्षरांत टाकण्याची पद्धत आहे. वर मोठ्याने वचन द्यायचे आणि खाली हळूच परत घ्यायचे, असा तो प्रकार होतो. वर वचनच नसेल तर ही ओळ इतर ओळींच्याच आकारात बसते.

शेवटच्या दोन ओळींसाठी मात्र कुणालातरी कामाला लावावे लागेल. डॉक्टर येणार नाहीत हे आदल्या दिवशी कळले की नोंदवहीतल्या सोळा जणांना फोन करायचा, आणि ज्यांच्या गोळ्या संपत आल्या आहेत त्यांचे पुढच्या तारखेपर्यंतचे काय, ते डॉक्टरांना विचारून ठेवायचे. हे काम कुणाचे ते ठरले नसेल तर ती ओळ छापू नये. १ एप्रिलला जुने चित्र काढून नवे लावायचे, तेही त्याच माणसाकडे द्यावे. डॉक्टरांनी यायचे बंद केल्यावरही त्यांच्या नावाची चित्रे वर्षवर्षभर व्हॉट्सॲपवर फिरत असतात. मुदत छापलेली असली की चित्र हाती पडलेला माणूस निदान फोन करून विचारतो.

आणि फोन केल्यावर पलीकडून काय ऐकू येते, तेही पाहायला हवे. 'इथं बरं होईल ना हो?' हा प्रश्न रिसेप्शनवरच्या मुलीला दिवसातून अनेकदा येतो, आणि ती चांगुलपणाने सांगून जाते, 'हो काका, सगळ्यांनाच फरक पडतो.' कॅप्शनमधून खोडलेले वचन असे तोंडी परत जाते. तिला दोन वाक्ये लिहून द्यावीत : 'ते डॉक्टर तपासल्यावर सांगतील, काका. चौदा तारखेला दोन नंबर शिल्लक आहेत, तुमचं नाव लिहू का?'